कचऱ्याचा नमुना घेताना या चुका टाळा: आकडा ताडपत्रीवरच बिघडतो

कचऱ्यातल्या ओलाव्याचा आकडा विचित्र आला की सगळे आधी नमुना सुकवणाऱ्या ओव्हनकडे बोट दाखवतात. माझ्या अनुभवात ओव्हन बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. घोळ झालेला असतो तो तासभर आधी, नमुना घेताना ताडपत्रीवर.

बाजारपेठेतली एक घंटागाडी घ्या. ती रिकामी केल्यावर समोरच्या तोंडाचा कचरा घमेल्यात भरायचा मोह होतो, कारण तो हाताशी असतो. पण गाडीत सगळ्यात आधी पडलेला कचरा तळाशी दाबला जातो आणि त्याचं पाणी खाली उतरलेलं असतं. म्हणून ढिगाच्या वरून, आतून, तळातून आणि चारही बाजूंनी मिळून साधारण १०० किलो घ्या, आणि पिशव्या फोडूनच घ्या. बंद पिशवी तशीच ढिगात गेली तर ती पुढे पाडायच्या चार भागांपैकी एकाच भागात जाऊन पडते.

आता हे १०० किलो कमी करत २५ वर आणायचे, त्यासाठी ताडपत्रीवर फावड्याने शंकू करायचा. प्रत्येक फावडं शेंड्यावरच सोडायचं, म्हणजे माल चहूबाजूंनी सारखा घसरतो. एका बाजूने ओतलात तर जड आणि गोल वस्तू पलीकडे जमतात, आणि मग चार भाग कितीही नेमके पाडा, उपयोग नाही. शंकू करून मोडायचं काम दोन-तीनदा करा. शेवटी तो चपटा करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाका. शेजारशेजारचे दोन ठेवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. कचरा एका बाजूला कलला असेल, तर तो कल तुम्ही आहे तसा पुढे नेता. १०० चे ५०, ५० चे २५ किलो, अशा दोन फेऱ्या पुरतात. टाकायच्या भागाखालची माती आणि बारीक कचरा झाडूने झाडून त्या भागाबरोबरच टाका. ठेवायच्या भागाखालची झाडून त्याच भागात घ्या. ती ताडपत्रीवर राहिली की पुढच्या फेरीत मातीचं प्रमाण फुगतं.

शहाळ्यांचं काय करायचं, हा प्रश्न बाजारपेठेत हमखास येतो. समजा १०० किलोत सहा शहाळी आहेत, मिळून ९ किलो. शहाळी शंकूवरून घरंगळत कडेला जातात. तुमच्या २५ किलोत दोन आली तर ती १२ टक्के दिसतील, एकही आलं नाही तर शून्य. खरं प्रमाण आहे ९. अशा मोठ्या वस्तू आधीच वेगळ्या काढून पूर्ण १०० किलोवर मोजा, उरलेल्या ९१ किलोचे चार भाग पाडा, आणि शेवटी त्यातल्या घटकांची टक्केवारी ०.९१ ने गुणून तिला शहाळ्यांचे ९ टक्के जोडा.

उरलेल्या नमुन्याची ओला कचरा, कागद, प्लास्टिक अशी घटकवार निवडणी सुरू झाली की घाई करा, कारण पाणी थांबत नाही. ओल्या कचऱ्याशेजारी पडलेला कागद पाणी पितो, उन्हात सगळंच सुकतं. प्रत्येक घटक झाकणाच्या बादलीत टाका, वजन करा आणि ओलाव्याचा नमुना लगेच हवाबंद पिशवीत घ्या. सगळे घटक निवडून झाल्यावर सावकाश पिशव्या भरायच्या, असं नको. शेवटी घटकांची बेरीज सुरुवातीच्या वजनाशी ताडून बघा. २५ किलोचे २३ झाले असतील, तर दोन किलो कुठे गेलं ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. बहुधा ते पाणी असतं.

ओव्हनसाठी प्रत्येक घटकाचा अर्धा-एक किलो बारीक करून पातळ पसरा, १०५ अंशांवर साधारण २४ तास ठेवा, मग वजन स्थिर होईपर्यंत मोजत राहा. प्लास्टिकच्या पातळ पिशव्या या तापमानाला मऊ होऊन चिकटतात. त्यांना ७०-७५ अंशांवर जास्त वेळ द्या.

आता हिशेब. सोयीसाठी शहाळी नसलेला २५ किलोचा नमुना धरू. ओला कचरा १४ किलो (ओलावा ७० टक्के), कागद २.५ (३०), प्लास्टिक ३ (१२), कापड १ (३०), माती व बारीक कचरा ४.५ (२०). पाचही टक्क्यांची नुसती सरासरी ३२.४ येते, आणि अहवालात हाच आकडा छापलेला मी पाहिला आहे. खरं तर पाणी आहे ९.८ + ०.७५ + ०.३६ + ०.३ + ०.९, म्हणजे १२.११ किलो. २५ किलोत ते ४८.४ टक्के.

तेच पाणी कोरड्या वजनाने, म्हणजे १२.८९ ने भागलंत तर ९४ टक्के येतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त आधार वेगळा. तक्त्याच्या मथळ्यात ‘ओल्या वजनावर’ की ‘कोरड्या वजनावर’ ते लिहा, नाहीतर खत प्रकल्पवाला आणि जाळण्याचा प्रकल्पवाला एकाच कागदावरून दोन वेगळे निष्कर्ष काढतील.