पातेलंभर आमटीच्या कॅलरी वाटीवर मोजू नका

घरी पाचजणांसाठी अख्खा मसूर केला, पाचाने भागलं आणि नोंद केली. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. सगळे सारखं वाढून घेत नाहीत, आणि एकच वाटी कधी काठोकाठ भरते तर कधी बोटभर कमी. भागायचं ते वजनाने.

त्यासाठी रिकाम्या पातेल्याचं वजन फोडणीआधीच लिहून ठेवा. ते राहिलं, तर तसंच दुसरं पातेलं तोला. घटक मात्र कच्चेच मोजायचे. समजा, 300 ग्रॅम कोरडे मसूर (1050 कॅलरी), 60 ग्रॅम तेल (540), 50 ग्रॅम सुकं खोबरं (330), कांदा-टोमॅटो (160), लसूण-मसाला वगैरे (50). एकूण 2130. शिजल्यावर पातेल्यासकट 2875 ग्रॅम भरलं आणि पातेलं 1100 ग्रॅमचं असलं, तर भाजी 1775 ग्रॅम. म्हणजे ग्रॅमला 1.2 कॅलरी. ताटात 250 ग्रॅम घेतलंत, तर 300. ॲपमध्ये रेसिपीच्या सर्व्हिंग्ज 1775 टाका, म्हणजे एक सर्व्हिंग एक ग्रॅमची होते आणि नोंदवताना थेट 250 लिहिता येतं.

आकडा संशयास्पद कमी आला, तर आधी मसुराची नोंद उघडा. कोरडे मसूर 100 ग्रॅमला 350च्या आसपास, शिजवलेले 115च्या. 300 ग्रॅम कोरड्यांसाठी चुकून ‘शिजवलेले’ निवडलं, की सातशे कॅलरी गायब. मग तेल बघा. फोडणीला अंदाजाने बुधली वाकवली असेल, तर तो आकडा लिहिण्यात अर्थ नाही. बुधली आधी आणि नंतर तोला, फरक म्हणजे तेल.

इतकं करूनही एक गोष्ट हिशेब बिघडवते, ती म्हणजे तर्री. तेल वर तरंगतं, आणि पहिला डाव नेमका तिथेच जातो. तुमच्या वाढपात 20 ग्रॅम तेल जास्त आलं, तर 180 कॅलरी वाढल्या, आणि वजनकाटा ते दाखवणार नाही. मसूर तळाशी बसतात, त्यामुळे वरवरचं पाणीदार वाढलं तर उलटी चूक होते. डाव तळापर्यंत नेऊन नीट ढवळा आणि आपला वाटा लगेच, इतरांच्या आधी काढा. घरात कुणाला वरची तर्री हवीच असेल, तर ती तुमचं वाढून झाल्यावर. तरीही दोन वाढपांत थोडा फरक राहणारच. त्यापायी एकेक ग्रॅमवर अडून बसू नये.

दुसऱ्या दिवशी उरलेलं घट्ट होतं, आपण पाणी घालतो, आणि कालचा 1.2 चुकीचा ठरतो. पाणी घालण्याआधी तोला: 775 ग्रॅम उरलं असेल, तर त्यात 930 कॅलरी. गरम केल्यावर 975 ग्रॅम भरलं, तर आता ग्रॅमला साधारण 0.95. फ्रिजमध्ये ठेवताना भांडं बदललं असेल, तर त्याचं रिकामं वजनही हवं.