मूत्रविसर्जनाचा रिफ्लेक्स लिहिताना या चुका टाळा

'रिफ्लेक्सचं केंद्र सॅक्रल २ ते ४ मध्ये आहे. म्हणून छातीच्या पातळीवर मज्जारज्जू तुटला तरी मूत्राशय नीट रिकामं होतं.' उत्तरपत्रिकेत हे वाक्य वारंवार दिसतं. यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

चुकीचं मूळ बहुधा भरण्याच्या टप्प्यातच असतं. मूत्राशय म्हणजे नुसती फुगणारी पिशवी, असं विद्यार्थी समजतात. लघवीची पहिली जाणीव साधारण १५० मिलिलिटरला होते आणि ४०० च्या आसपास चांगलं भरल्यासारखं वाटतं, तरी आतला दाब मात्र १० सेंटिमीटर पाण्याच्या आसपासच राहतो. भिंतीचा ताण वाढतो तशी त्रिज्याही वाढते, त्यामुळे लाप्लासच्या नियमानुसार दाब फारसा चढत नाही. शिवाय सिंपथेटिक नसा बीटा-३ ग्राहकांमार्फत डिट्रुसर सैल ठेवतात आणि अल्फा-१ मार्फत मूत्राशयाची मान आवळतात. प्युडेंडल नस बाह्य स्फिंक्टर बंद ठेवते. म्हणजे साठवण हेही मज्जारज्जूचंच काम आहे.

रिकामं होताना हे सगळं एकाच वेळी उलटावं लागतं: पेल्व्हिक नसेने डिट्रुसर आकुंचन पावायला हवा आणि त्याच क्षणी स्फिंक्टर सैल पडायला हवा. हा मेळ पॉन्समधलं केंद्र घालतं. बॅरिंग्टनने १९२५ मध्ये ते मांजरात दाखवलं. 'आत्ता नको' हा निर्णय मात्र पुढच्या मेंदूचा, म्हणजे फ्रंटल कॉर्टेक्सचा. ही दोन कामं एकाच चौकटीत लिहू नका.

आता हे उदाहरण पाहा. थोरॅसिक १० ला मज्जारज्जू पूर्ण तुटला आहे. सुरुवातीचे काही आठवडे स्पायनल शॉक असतो: डिट्रुसर ढिला, लघवी तुंबते आणि थेंबथेंब ओघळते. याच काळात तपासलं तर 'खालचा मोटर न्यूरॉन गेला' असं चुकीचं निदान होतं. शॉक ओसरला की सॅक्रल रिफ्लेक्स परत येतो, पण पॉन्सचा संदेश खाली पोहोचत नाही. डिट्रुसर आवळतो तेव्हा बाह्य स्फिंक्टरही आवळतो. समजा, ३५० मिलिलिटरला आपोआप आकुंचन सुरू झालं, धार तुटक आली आणि १२० मिलिलिटरच बाहेर पडलं. उरले २३०. बंद दरवाजावर ढकलताना दाब खूप चढतो. तो सतत ४० सेंटिमीटर पाण्याच्या वर राहिला तर मूत्रपिंडांना धोका असतो.

'रिफ्लेक्स आहे, म्हणून लघवी होते' एवढ्यावर थांबू नका. लघवीनंतर किती उरलं ते मोजा. अशा रुग्णाला अँटिमस्कॅरिनिक औषध दिलं तर डिट्रुसर शांत होतो आणि दाब उतरतो, पण स्फिंक्टर त्याने उघडत नाही, कारण त्या स्नायूवर निकोटिनिक ग्राहक असतात. म्हणून सोबत ठरावीक वेळेला कॅथेटरने मूत्राशय रिकामं करावं लागतं.