पाठपुराव्याचा मेसेज: नव्या आशाताईंसाठी माझा एक अनुभव

मखमलाबादकडच्या द्राक्षबागेत पेठहून आलेला एक मजूर माझ्या टीबीच्या पेशंटच्या यादीत होता. वजन 47 किलो, म्हणून रोज तीन गोळ्या. पहिल्या दोन महिन्यांचे 56 डोस त्याने नीट घेतले. खोकला थांबला, वजन वाढलं. नेमकी हीच वेळ धोक्याची असते, कारण पेशंटला आपण बरे झालो असं वाटतं. पुढच्या टप्प्याचे 112 डोस असतात. त्याचे 34 झाले आणि मग आठवडाभर गोळ्या बंद.

मी मेसेज टाकला, "टीबीच्या गोळ्या बंद करू नका, आजार वाढेल." निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. फोन पोराकडे असायचा आणि शेजारच्या खोलीतली मुलंही तो बघायची. त्या एका शब्दाने मी त्याचा आजार चाळभर केला होता. तेव्हापासून मी मेसेजमध्ये आजाराचं नाव लिहीत नाही.

मग घरी गेले. एप्रिलची खरड छाटणी सुरू होती. तो पहाटे पाचला उपाशीपोटी गोळ्या घ्यायचा आणि बागेत मळमळायचं. डोळे पिवळे नव्हते, उलट्या नव्हत्या. लघवी नारिंगी होते म्हणून तो घाबरला होता, पण ती गोळीच्या रंगामुळे होते. (डोळे पिवळे दिसले, भूक मेली, उलट्या होत असल्या, तर मात्र मेसेज करत बसू नका, गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात न्या.) डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, रात्री थोडं खाऊन घेतल्या तरी चालेल.

मग हा मेसेज गेला:

"दादा, आशाताई बोलतेय. डॉक्टरांनी वेळ बदलून दिलीय. आजपासून रात्री चार घास खाऊन तीन गोळ्या घ्या, सकाळी नको. राहिलेल्या गोळ्या एकदम खाऊ नका, ते दिवस शेवटी वाढवू. खोकला गेला तरी आत थोडे जंतू दबा धरून असतात, मध्येच सोडलं तर तेच उठतात आणि मग याच गोळ्यांना दाद देतीलच असं नाही. 34 झाले, 78 राहिले. गावी जाणार असाल तर दोन दिवस आधी सांगा, गोळ्या बरोबर देते. शनिवारी येते."

त्यात धमकी नाही. त्याची अडचण आधी आहे, आणि उरलेला आकडा आहे. "सहा महिने" म्हटलं की माणूस दमतो. 78 मधून रोज एक वजा करता येतो, पोरगा भिंतीवर पेन्सिलीने करायचाही.

रात्री पोराने रिकाम्या पट्टीचा फोटो पाठवला. फोटोवर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नका. पुढच्या आठवड्यात त्याने एकदा कालचाच फोटो पुन्हा पाठवला होता. शनिवारी पट्ट्या मोजल्या तेव्हा तीन गोळ्या जास्त निघाल्या. बागेत उशीर झाला नि झोप लागली, म्हणाला. भिंतीवरची एक रेघ आम्ही दोघांनी मिळून खोडली.