नाकाबंदीत गाडी अडवली तर: मोबाइलवरची कागदपत्रं नीट कशी दाखवायची

हात दाखवला की इंडिकेटर देऊन डावीकडे घ्या, इंजिन बंद करा, काच खाली करा. रात्र असेल तर गाडीतला दिवा लावा. कारमध्ये असाल तर सांगितल्याशिवाय उतरू नका.

‘हवालदाराला लायसन्स मागायचा अधिकारच नाही’ हा सल्ला विसरा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० नुसार गणवेशातल्या कोणत्याही पोलिसाने मागितलं तर लायसन्स दाखवावंच लागतं. त्यासोबत आरसी, इन्शुरन्स आणि पीयूसी मागतात. खासगी गाडीला एवढंच लागतं. फिटनेस आणि परमिट व्यावसायिक वाहनांसाठी. नवीन गाडीला पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही, तेवढं शांतपणे सांगा.

आता खरी अडचण. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३९ कागदपत्रं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवायला परवानगी देतो. त्यामुळे लोक गॅलरी उघडून लायसन्सचा फोटो पुढे करतात आणि तिथेच वाद सुरू होतो. फोटो किंवा स्क्रीनशॉट हे इलेक्ट्रॉनिक कागदपत्र नव्हे. स्वतः स्कॅन करून डिजिलॉकरमध्ये चढवलेली प्रतही नव्हे. डिजिलॉकर उघडल्यावर Issued या विभागात जे दिसतं, तेच थेट आरटीओच्या नोंदीतून आलेलं असतं आणि तेच मूळ कागदाच्या बरोबरीचं धरलं जातं. डिजिलॉकरच्याच Drive विभागात तुम्ही ठेवलेली पीडीएफ म्हणजे साधी झेरॉक्स. अनेकांचं लायसन्स वर्षानुवर्षं या चुकीच्या खणात पडून असतं आणि कळतं ते नाकाबंदीतच.

तेव्हा हे काम घरी बसून उरका. Issued मध्ये लायसन्स येत नसेल तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: आधारवरचं नाव आणि लायसन्सवरचं नाव जुळत नाही. एकीकडे वडिलांचं नाव मधे असतं, दुसरीकडे नसतं. मग एका ठिकाणचं नाव दुरुस्त करून घ्यावं लागतं. तोवर कार्ड खिशात ठेवा. जुनं पुस्तकी लायसन्स असेल आणि त्याची नोंद संगणकावर चढलेलीच नसेल, तर अ‍ॅपला दोष देऊन उपयोग नाही, आरटीओत जावं लागतं. आणि निघण्यापूर्वी एकदा इंटरनेट बंद करून बघा की कागद उघडतो का. घाटात रेंज नसते, तिथे ‘आहे हो साहेब, उघडत नाहीये’ या वाक्याला काही किंमत नसते.

समजा स्कूटर नवऱ्याच्या नावावर आहे आणि चालवतेय बायको. तिचं लायसन्स तिच्या डिजिलॉकरमध्ये आहे, आरसी मात्र नवऱ्याच्या. त्याने आरसीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर तो फोटोच राहतो. त्यापेक्षा त्याच्या डिजिलॉकरमधून डाउनलोड केलेली, क्यूआर कोड असलेली पीडीएफ बरी. पोलीस गाडीचा नंबर टाकूनही नोंद तपासू शकतात, पण ते करतीलच असं गृहीत धरू नका. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर आरसीचं कार्डच सोबत ठेवा. ते डिकीत कायमचं ठेवू नका, गाडी चोरीला गेली तर कागदही जातो.

कागद सोबत नसेल तर नियम १३९ मध्ये १५ दिवसांत साक्षांकित प्रत सादर करण्याची सोय आहे. काहीजण हा नियम म्हणजे चलनातून सुटका समजून रस्त्यावर भांडतात. तसं नाही. इन्शुरन्स संपलेलाच असेल तर १५ दिवसांनी तो मागच्या तारखेचा होणार नाही. कागद वैध आहे पण घरी राहिला, एवढंच असेल तर तसं सांगा, कुठल्या कार्यालयात दाखवायचा ते विचारा आणि लिहून घ्या.

लायसन्स किंवा आरसी ठेवून घेत असतील तर कलम २०६ नुसार पोच द्यावी लागते. ती घेतल्याशिवाय हलू नका आणि नीट वाचा. दारू पिऊन किंवा भरधाव चालवण्यासारख्या गुन्ह्यांत लायसन्स घेतलं असेल, तर त्या पोचीवर गाडी चालवता येत नाही. चावी हिसकावून घेण्याचा अधिकार कायद्यात नाही, पण म्हणून हातापायी करू नका. वेळ, जागा आणि नेमप्लेटवरचं नाव टिपून ठेवा, तक्रार वरिष्ठांकडे करा.

श्वासचाचणी नाकारू नका, नकार दिल्यावरही अटक होऊ शकते. फुंकण्याआधी नवीन नळी मागा.

चलन झालं तर मशीनवरचा गाडी नंबर आणि कलम दोन्ही वाचा. पैसे तिथेच भरायची सक्ती नाही, mahatrafficechallan.gov.in वर नंतर भरता येतात आणि चलन चुकीचं वाटलं तर तक्रारही तिथेच करता येते. रोख देत असाल तर पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.