स्टँडबाय डीजी: तास भरले नाहीत तरी ऑइल बदलायचं का?

आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन सोसायटीत किंवा हॉस्पिटलात डीजी सांभाळायला लागलात की पहिल्याच महिन्यात एका वादाला तोंड द्यावं लागतं. तुम्ही म्हणता ऑइल बदलायचंय, आणि सेक्रेटरी अवर मीटरकडे बोट दाखवून म्हणतात, "अहो, पाचशे तासांचं ऑइल आहे ना? अजून शंभरसुद्धा भरले नाहीत." या वादात उत्तर काय द्यायचं, तेवढ्यापुरतंच लिहितो.

मॅन्युअलमध्ये तासांचा आकडा इंजिनप्रमाणे बदलतो. काहींना 250 तास, काहींना 500. बरीच नवी इंजिनं पहिलं ऑइल 50 तासांच्या आसपासच काढायला सांगतात, कारण रिंग आणि लायनर एकमेकांवर बसताना निघालेला धातूचा कीस त्यात असतो. पण या आकड्यापुढे बहुधा आणखी एक अट छापलेली असते: इतके तास किंवा इतके महिने, जे आधी होईल ते. महिने साधारणपणे बारा असतात, काही मॅन्युअलमध्ये सहा. रोज आठ-दहा तास चालणाऱ्या सेटला महिन्यांची अट कधी आडवी येत नाही. स्टँडबाय सेटला मात्र जवळजवळ नेहमी तीच लागू होते.

आता एक हिशोब मांडू. सोसायटीचा 125 केव्हीएचा सेट धरा. मागची बी चेक, म्हणजे ऑइल-फिल्टरची सर्व्हिस, 612 तासांवर झाली. आज मीटर 668 दाखवतोय आणि मधे 14 महिने गेलेत. कागदावर 500 पैकी फक्त 56 तास वापरले. पण हे 56 तास कसे भरले ते लॉगबुकात बघा. दर सोमवारी वॉचमन बटण दाबून पंधरा मिनिटं ट्रायल घेतो, तीही विनालोड. 14 महिन्यांत साधारण 60 सोमवार, म्हणजे 15 तास. उरलेले 41 तास खरी लाइट गेली तेव्हाचे. म्हणजे ऑइलच्या वाट्याला तास थोडे आले, पण थंड इंजिन सुरू होण्याचे प्रसंग साठ आले, आणि त्या प्रत्येक वेळी इंजिन नीट तापायच्या आत बंद झालं.

घात तिथेच होतो. थंड सिलिंडरमध्ये डिझेल पूर्ण जळत नाही. त्याचा थोडा अंश रिंगच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरतो. जळताना तयार झालेल्या वाफेचं थंड क्रँककेसमध्ये पाणी होतं. लोडवर तासभर चाललेलं इंजिन ऑइल इतकं तापवतं की बरंचसं पाणी उडून जातं. पंधरा मिनिटांच्या रिकाम्या ट्रायलमध्ये ते उडत नाही. पाणी आणि जळणातून आलेलं आम्ल यांच्याशी लढताना ऑइलमधली रसायनं खर्च होत राहतात, इंजिन उभं असलं तरी. अवर मीटरला यातलं काहीच दिसत नाही.

डिपस्टिकला मात्र दिसतं. सेट थंड असताना काढा, पुसा, परत घाला आणि मग बघा. ऑइल काळं आहे म्हणून घाबरू नका. डिझेल इंजिनात ते काही तासांतच काळं होतं, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. नवशिके रंगावर अडकतात आणि पातळीकडे दुर्लक्ष करतात. आपल्या या सेटमध्ये पातळी वरच्या खुणेच्याही वर गेलेली निघाली. कोणी टॉप-अप केलेलं नसताना ऑइल वाढलं, तर त्यात एक तर डिझेल आलंय किंवा कूलंट.

कोणतं, ते ओळखायला नाक पुरतं, पण खात्री करून घ्या. सेट रात्रभर उभा राहिल्यावर सकाळी ड्रेन प्लग जरासा सैल करून पहिलं घोटभर एका पारदर्शक बाटलीत घ्या. पाणी जड, ते तळाशी बसलेलं असतं, म्हणून आधी तेच येतं. ऑइल दुधट दिसलं किंवा खाली पाण्याचा थर दिसला तर सेट सुरू करायचा नाही, सर्व्हिस इंजिनिअरला बोलवायचं. इथे पाणी नव्हतं, रेडिएटरची पातळीही जागेवर होती, डिपस्टिकला डिझेलचा वास होता. म्हणजे ऑइल पातळ झालंय, आणि पातळ ऑइल बेअरिंगवर टिकत नाही. 444 तास शिल्लक असोत नसोत, ते बदलायचं.

बदलताना आधी पॅनेल ऑटोवरून काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह सोडवा. एएमएफ पॅनेलला तुमचा हात फॅनजवळ आहे हे कळत नाही. लाइट गेली की ते स्टार्टर मारतं. मग कोमट ऑइल पूर्ण निथळू द्या, फिल्टरच्या रबरी रिंगला ऑइल लावून तो बसवा, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल भरा, सेट चालवून प्रेशर आणि गळती बघा, बंद करून पाच-दहा मिनिटांनी पुन्हा पातळी बघा. लॉगबुकात तासांसोबत तारीख लिहा, आणि पुढची सर्व्हिस लिहितानाही दोन्ही लिहा. जुनं ऑइल अधिकृत रिसायकलरकडेच द्यायचं. भंगारवाला दोन पैसे जास्त देईल, तरी नाही.

नुसतं ऑइल बदलून हे थांबत नाही, ट्रायलची पद्धत बदलावी लागते. महिन्यातून एकदा तरी अर्धा तास, क्षमतेच्या किमान 30 टक्के लोडवर. 125 केव्हीए म्हणजे 100 किलोवॅट, तेव्हा 30 किलोवॅट हवेत. नोटीस लावून पाण्याचे पंप, लिफ्ट आणि कॉमन लाइट एकाच वेळी डीजीवर घ्या. त्यानंतरही दोन-तीन महिन्यांत पातळी चढली, तर दोष ट्रायलचा नाही; इंजेक्टर किंवा फ्युएल पंप तपासायला सांगा.

कूलंटचं दुखणं थोडं निराळं, कारण ते घटतं. झाकण थंड असतानाच उघडायचं. गरम रेडिएटर दाबाखाली असतो आणि उकळता फवारा थेट तोंडावर येतो. पातळी खाली दिसली की बरेच जण बोअरचं पाणी ओततात. त्यातले क्षार लायनरच्या बाहेरच्या अंगावर थर धरतात. शिवाय लायनर प्रत्येक स्फोटागणिक थरथरतो, त्याच्या बाहेर बुडबुडे होऊन फुटतात आणि धातूला टाचणीएवढी छिद्रं पाडतात. कूलंटमधलं रसायन लायनरवर पापुद्रा धरून हे रोखतं. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, असं म्हणणाऱ्यांना हे सांगा. टॉप-अपला तेच तयार मिश्रण वापरा. नुसत्या रंगावर विसंबू नका, एकाच रंगाची दोन कूलंटं वेगळी असू शकतात. तपकिरी दिसलं तर गंज, वर तेलाचा तवंग दिसला तर ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केट.

एक गोष्ट फारसं कोणी शिकवत नाही. कूलंट फार घटलं आणि तापमानाचा सेन्सर उघडा पडला, तर त्याला गरम पाणी लागतच नाही. तो कमीच तापमान दाखवत राहतो आणि इंजिन आतून भाजत असतं. म्हणून पॅनेलवर तापमान ठीक आहे एवढ्यावर समाधान मानू नका. दर आठवड्याला झाकण उघडून डोळ्यांनी पातळी बघा. ती घटतेय आणि खाली एक थेंबही नाही, तर पुढचं पाऊल रेडिएटरकडे नाही, डिपस्टिककडे टाका.