ब्लूटूथ स्पीकरच्या लिस्टिंगमध्ये खरे वॅट आणि खरे तास कसे लिहावेत

उत्पादकाच्या माहितीपत्रकात बहुतेकदा अशी एक ओळ असते: ‘४० वॅट, २००० एमएएच बॅटरी, १२ तास प्लेटाइम’. ही ओळ जशीच्या तशी लिस्टिंगमध्ये चिकटवण्याआधी एक छोटं गणित करून बघा.

एका लिथियम सेलचा सरासरी व्होल्टेज ३.७ धरतात. २००० एमएएच म्हणजे २ अँपिअर-तास. गुणाकार केला की ७.४ वॅट-तास येतात, आणि पूर्ण चार्ज केलेल्या स्पीकरजवळ एवढीच ऊर्जा असते. ४० वॅट सलग बाहेर पडत असतील तर जराही ऊर्जा वाया न जाता हा स्पीकर ११ मिनिटांत बंद पडेल. उलट तो खरोखर १२ तास चालत असेल, तर सरासरी ०.६ वॅटच खात असणार. म्हणजे एकाच ओळीतले हे दोन आकडे दोन वेगळ्या परिस्थितींतले आहेत, आणि त्यातला पहिला कदाचित कुठल्याच परिस्थितीतला नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच स्पीकरवर करून बघू.

पायरी १: कमाल मर्यादा कागदावर काढा

उत्पादकाला तीनच गोष्टी विचारा: अँप्लिफायर चिपचा नंबर, त्या चिपला मिळणारा व्होल्टेज आणि ड्रायव्हर, म्हणजे प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग, किती ओहमचा आहे. बॅटरीवरच्या छोट्या स्पीकरमध्ये चिप सहसा ब्रिज पद्धतीने जोडलेली असते, म्हणजे ड्रायव्हरच्या दोन्ही तारा चिपच चालवते. अशा वेळी सुबक, न कापलेल्या साइन लाटेची कमाल शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहमची दुप्पट.

चिप थेट सेलवर चालत असेल, तर ३.७ व्होल्ट आणि ४ ओहमला हा आकडा १.७ वॅट येतो. मध्ये सेलचा व्होल्टेज वाढवणारं ५ व्होल्टचं बूस्ट सर्किट असेल तर ३.१ वॅट. आपल्या उदाहरणात बूस्ट ६.५ व्होल्टचा आहे असं धरू, म्हणजे प्रत्येक चॅनलला जास्तीत जास्त ५.३ वॅट. दोन चॅनल मिळून साडेदहा. प्रत्यक्ष आकडा याहून कमीच भरणार, कारण चिपमध्ये आणि बूस्टमध्ये थोडा व्होल्टेज पडतोच.

मग ४० कुठून आले? पुष्कळदा ड्रायव्हरच्या चुंबकावरून. तिथे ‘४ ओहम, २० वॅट’ असं छापलेलं असतं, ड्रायव्हर दोन, झाले चाळीस. पण ड्रायव्हर किती शक्ती सोसू शकतो, एवढंच तो आकडा सांगतो. अँप्लिफायर किती देतो याच्याशी त्याचा संबंध नाही. कधी कधी आकडा ‘पीएमपीओ’ या नावाने येतो. त्याला मोजणीची कुठलीही मान्य पद्धत नाही, त्यामुळे तो ४० असो वा ४००, खोटा ठरवायलाही काही आधार नाही. माझ्या मते लिस्टिंगमध्ये त्याला जागाच देऊ नये.

पीक, म्हणजे शिखरावरची शक्ती, असाही आकडा दिला जातो आणि त्याचा एक अर्थ मात्र रास्त आहे. साइन लाट ज्या क्षणी शिखरावर असते, त्या क्षणीची शक्ती तिच्या सरासरी शक्तीच्या बरोबर दुप्पट असते. पीक लिहायचाच असेल तर सलग आकड्याच्या दुप्पट लिहावा, त्यापुढे एक वॅटही नाही.

पायरी २: सलग आउटपुट मोजा

यासाठी एक नमुना उघडावा लागतो. ड्रायव्हरच्या तारा काढून त्या जागी प्रत्येक चॅनलला ४ ओहमचा, निदान १० वॅटचा रेझिस्टर जोडा. ड्रायव्हर तसाच ठेवून पूर्ण आवाजात शिट्टीसारखा सूर वाजवत राहिलात तर कानही जातील आणि कॉइलही. फोनमधून १ किलोहर्ट्झची पूर्ण पातळीची साइन फाइल लावा आणि रेझिस्टरवरची लाट ऑसिलोस्कोपवर बघा.

इथे दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. ब्रिज जोडणीत ड्रायव्हरची कुठलीच तार ग्राउंड नसते. स्कोपचा ग्राउंड क्लिप तिथे अडकवला तर चिप जळू शकते. दोन्ही तारांवर दोन प्रोब लावून त्यांच्यातला फरक बघायचा. दुसरं म्हणजे क्लास-डी चिपच्या आउटपुटवर काहीशे किलोहर्ट्झचं स्विचिंग मिसळलेलं असतं, ते आधी छोट्या लो-पास फिल्टरने गाळावं लागतं. नाहीतर स्कोपवर लाटेऐवजी जाडजूड पट्टा दिसतो आणि मीटरही भलतंच दाखवतो. मीटर ट्रू आरएमएस हवा आणि तो १ किलोहर्ट्झला अचूक आहे का, हे त्याच्या माहितीपत्रकात तपासा. अनेक स्वस्त मीटर ४०० हर्ट्झच्या पुढे भरवशाचे नसतात.

आता आवाज वाढवत न्या. लाटेचे शेंडे चपटे व्हायला लागले की एक पायरी खाली या आणि व्होल्टेज वाचा. आपल्या स्पीकरवर ४.२ व्होल्ट मिळाले असं समजा. वर्ग करून ४ ओहमने भागलं की ४.४ वॅट. हा आकडा लिहून मोकळं व्हायचा मोह होतो, पण ‘सलग’ या शब्दाची परीक्षा इथून पुढे आहे. दोन्ही चॅनल एकदम चालू ठेवून १० मिनिटं थांबा. बूस्ट सर्किट तापतं, सेलचा व्होल्टेज खाली बसतो आणि काही स्पीकरमधलं लिमिटर पहिल्या काही सेकंदांनंतर आवाज गुपचूप उतरवतं. दहाव्या मिनिटाला मीटर ३.८ व्होल्ट दाखवत असेल तर शक्ती ३.६ वॅट झाली. लिस्टिंगमध्ये जाईल ते हे, खालच्या बाजूला पूर्णांकित करून: ३.५ + ३.५, एकूण ७ वॅट.

आकड्यासोबत विकृतीचा टक्का, म्हणजे टीएचडी, हाही जायला हवा. तोच स्पीकर १ टक्का टीएचडीला जेवढे वॅट देतो, त्याहून १० टक्के टीएचडीला साधारण पाव हिश्शाने जास्त दाखवतो, कारण कापलेल्या लाटेत ऊर्जा जास्त असते. ऐकायला मात्र ती फाटकी लागते. चिपच्या माहितीपत्रकातला ठळक आकडा बऱ्याचदा १० टक्क्यांचाच असतो. विकृती मोजायचं साधन नसेल तर टक्का लिहू नका. ‘लाट कापली जाण्याआधी मोजलेले’ असं लिहिणं पुरेसं आहे.

पायरी ३: प्लेटाइम मोजा

‘५० टक्के आवाजावर १२ तास’ या वाक्यातून ग्राहकाला फारसं काही कळत नाही. आवाजाच्या पट्टीवरची निम्मी पायरी म्हणजे निम्मी शक्ती नव्हे. पायऱ्या साधारण डेसिबलच्या हिशोबाने बसवलेल्या असतात, आणि १० डेसिबल खाली आलं की शक्ती दहाव्या हिश्शावर येते, २० डेसिबलला शंभराव्या. शिवाय एका फोनवरचे ५० टक्के दुसऱ्या फोनवर वेगळेच वाजतात.

म्हणून टक्क्यांऐवजी प्रत्यक्ष ऐकू येणारा आवाज ठरवा. स्पीकरपासून १ मीटरवर ध्वनिमापक ठेवून सरासरी ७० डेसिबल ही पातळी धरली तर ती खोलीत रोज ऐकण्याएवढी असते. तिथे आवाज बसवा, तीच गाण्यांची यादी पुन्हा पुन्हा लावा आणि बॅटरी पूर्ण चार्ज करून सुरुवात करा. मग हीच चाचणी पूर्ण आवाजावर घ्या. स्पीकरला दिवे असतील तर दोन्ही चाचण्या दिवे लावूनही घ्याव्या लागतात. छोट्या स्पीकरमध्ये कमी आवाजावर संगीतापेक्षा दिवेच जास्त ऊर्जा खाऊ शकतात, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

आपल्या स्पीकरचं गणित मांडून बघू. ७.४ पैकी वापरता येणारी ऊर्जा ६.७ वॅट-तास धरू. ब्लूटूथ चिप आणि अँप्लिफायर नुसते जागे राहायलाच अर्धा वॅट घेतात असं समजा. ७० डेसिबलला एकूण खर्च ०.७ वॅट झाला तर साडेनऊ तास मिळतात. दिव्यांचे ०.६ वॅट मिळवले की तेच पाच तासांवर येतात. पूर्ण आवाजावर संगीताची सरासरी शक्ती कमाल आकड्याच्या बरीच खाली असते, कारण गाण्यात सतत चढउतार असतात. तरी एकूण खर्च २.१ वॅटपर्यंत गेला तर तीन तास, दिव्यांसकट अडीच. आणि ते १२ तास? त्यासाठी खर्च ०.५६ वॅटवर ठेवावा लागेल, म्हणजे दिवे बंद आणि स्पीकर जेमतेम कुजबुजणारा.

हे गणित चाचणीची जागा घेत नाही, पण चाचणीचा निकाल याच्या आसपास आला नाही तर काहीतरी बिघडलंय हे कळतं. निकाल फारच कमी आला तर आधी सेलवर संशय घ्या. छापील २००० एमएएच प्रत्यक्षात १४०० भरणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. सेल काढून क्षमता मोजणाऱ्या टेस्टरवर लावला की उलगडा होतो.

चाचणी कधी संपली हेही आधी ठरवा. बॅटरी उतरली की काही स्पीकर बंद न पडता आवाज एकदम कमी करतात आणि तसेच तासभर रेंगाळतात. तो तास मोजू नये. शेजारी रेकॉर्डर ठेवून दिला तर नंतर ध्वनीच्या आलेखात आवाज नेमका कधी पडला ते दिसतं. तीन नमुने तपासा आणि सर्वांत कमी आकडा घ्या, सरासरी नको. ग्राहकाच्या हाती त्यांपैकी एकच येणार असतो.

पायरी ४: लिस्टिंग लिहा

शीर्षकात एकच शक्ती लिहा आणि ती सलग असू द्या. साइटच्या फॉर्ममध्ये ‘आउटपुट पॉवर’ला एकच रकाना असतो, तिथेही तीच भरा. तपशिलात असा मजकूर चालेल:

> सलग आउटपुट: ७ वॅट (३.५ + ३.५), ४ ओहम, १ किलोहर्ट्झ, दोन्ही चॅनल एकत्र, १० मिनिटांनंतर, लाट कापली जाण्याआधी मोजलेले.
> क्षणिक पीक: १४ वॅट.
> प्लेटाइम, १ मीटरवर ७० डेसिबल: दिवे बंद ९ तास, दिवे चालू ५ तास.
> प्लेटाइम, पूर्ण आवाज: दिवे बंद ३ तास, दिवे चालू अडीच तास.
> बॅटरी: ३.७ व्होल्ट, २००० एमएएच (७.४ वॅट-तास).
> खोक्यावरचे ‘४० वॅट’ ही ड्रायव्हरची सोसण्याची क्षमता आहे, आउटपुट नव्हे.

शेवटची ओळ गाळू नका. खोक्यावर ४० आणि लिस्टिंगमध्ये ७ दिसले की ग्राहकाला आपल्याला भलताच माल आला असं वाटतं आणि तो परत पाठवतो.

शेजारच्या लिस्टिंगवर ४० वॅट झळकत असताना ७ लिहायला जीवावर येतं, हे खरं. त्यावर उपाय म्हणून १ मीटरवरचा कमाल आवाज डेसिबलमध्ये मोजून द्या. शक्ती दुप्पट झाली तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो, त्यामुळे ७ आणि खऱ्याखुऱ्या ४० वॅटमधलं अंतर, ड्रायव्हर तेच असतील तर, साडेसात डेसिबलच भरतं. ७ वॅटवर चालणारा चांगला ड्रायव्हर ही तफावत पुष्कळशी भरून काढू शकतो, आणि ते फक्त डेसिबलच्या आकड्यातच दिसतं.

प्रत्येक नव्या खेपेचा एक नमुना पुन्हा तपासा. मॉडेलचं नाव तेच ठेवून उत्पादक मधेच सेल किंवा बूस्ट सर्किट बदलतात, आणि त्याचा पहिला पत्ता पूर्ण आवाजाच्या प्लेटाइममध्ये लागतो. नव्या खेपेत तीनऐवजी दोन तास आले तर लिस्टिंगमधला आकडा त्याच दिवशी बदला, जुना साठा संपायची वाट बघू नका.