पाच पानांची तक्रार एका पानावर आणण्यापूर्वीची तयारी

सदोष वस्तूबद्दलची ग्राहक तक्रार लिहायला बसण्याआधी टेबलावर काय असावे, येथूनच सुरुवात करावी, कारण तक्रार लांबते ती बहुधा कागद समोर नसल्यामुळे. पावती, हमीपत्र, दुरुस्तीच्या प्रत्येक भेटीनंतर मिळालेला कामाचा कागद म्हणजे जॉबशीट, तक्रार क्रमांकांचे मोबाइलवर आलेले संदेश, ईमेल आणि त्यांची उत्तरे, पाठवलेले पत्र व ते पोहोचल्याची पोच, हे सारे एकत्र करून तारखेप्रमाणे लावावे. आठवणीतून लिहिताना माणूस रागाच्या क्रमाने लिहितो, कागद समोर असले की घटनेच्या क्रमाने लिहितो. पावती थर्मल कागदावरची असेल तर तिची छायाप्रत त्याच दिवशी काढून ठेवावी, कारण त्या कागदावरची अक्षरे काही महिन्यांत फिकट होतात आणि खरेदीची तारीख बरेचदा तेवढ्या एकाच कागदावर असते.

माझ्या परिचयातील एका बाईंनी कपडे धुण्याच्या यंत्राबाबत लिहिलेली पाच पानांची तक्रार पुढे उदाहरण म्हणून घेतो. यंत्र १२ मार्च २०२४ रोजी घेतलेले, हमी दोन वर्षांची, आणि दोष एकच की ड्रममध्ये पाणी असतानाच यंत्र मध्येच बंद पडे. पहिली दोन पाने यंत्र का घेतले आणि विक्रेत्याने दुकानात किती गोड बोलून ते गळ्यात मारले यांवर खर्च झाली होती. दोष पहिल्यांदा दिसल्याची तारीख तिसऱ्या पानाच्या तळाशी होती आणि ‘आम्हाला न्याय मिळावा’ हे एकच वाक्य मागणी म्हणून शेवटी होते.

कापण्याच्या कामासाठी छापील प्रत आणि पेन्सिल घ्यावी आणि प्रत्येक वाक्याच्या समासात ते कोणत्या कागदाने सिद्ध होते, त्या कागदाचा क्रमांक लिहावा. ज्या वाक्यासमोर क्रमांक पडत नाही, ते वाक्य लगेच खोडू नये. त्याला एक प्रश्न विचारावा, की हे खरे मानले गेले तर मागणीत काही फरक पडेल का. फरक पडत नसेल तर ते जाते. फरक पडत असेल, पण कागद नसेल, तर आधी कागद शोधावा. त्या बाईंच्या पहिल्या दोन पानांतली जवळजवळ सगळी वाक्ये या कसोटीवर गळली. ‘ग्राहक सेवेतील मुलगी उद्धटपणे फोन आपटते’ हे वाक्य गेले, पण त्याच परिच्छेदात दडलेला ‘त्या दिवशी तक्रार नोंदवून घेतली आणि क्रमांक दिला’ हा मजकूर राहिला, कारण त्या क्रमांकाचा संदेश मोबाइलवर होता आणि कंपनीला दोषाची माहिती कोणत्या दिवशी मिळाली, हे त्यावरूनच ठरणार होते.

विशेषणांची वेगळी फेरी करावी. ‘वारंवार’, ‘असह्य’, ‘निकृष्ट’, ‘जाणूनबुजून’ या शब्दांवर समोरची बाजू एका ओळीत ‘अमान्य’ लिहू शकते, आणि अशा शब्दाला चिकटलेले खरे विधानही त्याबरोबर अमान्य होऊन बसते. उत्तर साधारणपणे परिच्छेदानुसार दिले जाते, म्हणून एका क्रमांकाच्या परिच्छेदात एकच घटना ठेवावी. ‘वारंवार बिघडणारे निकृष्ट यंत्र वारंवार दुरुस्त करूनही त्यांनी फसवणूक केली’ या वाक्याला नाकारणे अगदी सोपे आहे. ‘७ जुलै २०२४ रोजी तंत्रज्ञाने पाणी बाहेर टाकणारा पंप बदलला, जॉबशीट जोडपत्र ३’ हे नाकारायचे तर स्वतःचाच कागद नाकारावा लागतो. ‘जाणूनबुजून’ हा शब्द तर शक्यतो टाळावाच, कारण तो वापरला की समोरच्याच्या मनातला हेतू सिद्ध करण्याचे ओझे विनाकारण आपल्या अंगावर येते, आणि सदोष वस्तूचे पैसे परत मागण्यासाठी त्या हेतूची सहसा गरज नसते.

तारखांच्या बाबतीत एका घटनेच्या तीन तारखा असू शकतात, हे ध्यानात ठेवावे: तक्रार नोंदवल्याची, तंत्रज्ञ आल्याची आणि काम झाल्याची. पाच पानांत या तिन्ही एकमेकींत मिसळल्या होत्या, त्यामुळे एके ठिकाणी दुसरी दुरुस्ती २९ ऑगस्टची तर दुसऱ्या ठिकाणी २ सप्टेंबरची दिसत होती. दोन्ही तारखा खऱ्या होत्या, पहिली नोंदणीची आणि दुसरी भेटीची. पण असा फरक समोरच्या वकिलाच्या हाती लागला की तो पुढच्या प्रत्येक तारखेवर शंका घेतो. यंत्र खरेदीनंतर तीन दिवसांनी, १५ मार्चला, घरी बसवले गेले होते, आणि हमी खरेदीपासून मोजायची की बसवल्यापासून, हे हमीपत्रावर पाहून तीच तारीख लिहावी. पत्राच्या बाबतीत पाठवल्याची नव्हे, पोहोचल्याची तारीख महत्त्वाची असते, कारण उत्तरासाठी दिलेली मुदत तेथून सुरू झाली असे दाखवता येते.

आता ज्या गोष्टीपाशी बहुतेक तक्रारी घसरतात, तिच्याकडे वळतो: स्वतःच्या विरुद्ध जाणारी वस्तुस्थिती. बाईंच्या पाच पानांत दोन गोष्टी नव्हत्या आणि त्या मुद्दाम वगळल्या होत्या. एक म्हणजे २ सप्टेंबरच्या जॉबशीटवर ‘यंत्र सुरळीत चालू’ या शेऱ्याखाली त्यांची सही होती. दुसरी अधिक अवघड होती. २६ ऑक्टोबरला त्यांनी कंटाळून बाहेरच्या कारागिराला बोलावले होते आणि त्याने यंत्राचे मागचे झाकण उघडून पाहिले होते. अनधिकृत व्यक्तीने यंत्र उघडल्यास हमी संपते अशी अट हमीपत्रात होती, आणि १० जानेवारी २०२५ रोजी कंपनीने मोफत दुरुस्ती नाकारताना ‘वापरातील दोष’ एवढेच कारण लिहिले असले, तरी उत्तरात ती झाकणाची गोष्ट पुढे येणार हे उघड होते.

पाच पाने भावनेने भरलेली असताना ही वगळणूक लपून राहिली. एका पानावर ती लपत नाही, कारण सप्टेंबर आणि नोव्हेंबर यांच्यामध्ये मोकळी जागा दिसू लागते. म्हणून तयारीत याचा समावेश हवा, की आपल्याविरुद्ध जाईल असा प्रत्येक कागद वेगळा काढावा आणि तो आपणच, आपल्या शब्दांत, योग्य तारखेच्या जागी लिहावा. येथे ते केल्यावर एक अनपेक्षित गोष्ट दिसली. २६ ऑक्टोबरनंतर, २१ नोव्हेंबरला, कंपनीचाच तंत्रज्ञ येऊन मुख्य सर्किट बोर्ड दुसऱ्यांदा बदलून गेला होता, तेही हमीअंतर्गत, आणि त्या जॉबशीटवर झाकण उघडल्याबद्दल एक अक्षरही नव्हते. म्हणजे झाकण उघडल्यानंतरही कंपनीने हमी चालू असल्याचे स्वतःच्या कागदावर मान्य केले होते. जी गोष्ट बाई लपवत होत्या, तिच्या शेजारी ही तारीख ठेवताच कंपनीचा संभाव्य बचाव बराच कमकुवत झाला. २ सप्टेंबरच्या सहीचेही तसेच. यंत्र त्या दिवशी चालत होते हे खरेच होते, आणि बोर्ड बदलूनही तोच दोष ११ आठवड्यांनी पुन्हा नोंदवावा लागला, हे त्या सहीमुळे उलट अधिक स्पष्ट झाले.

वस्तुस्थितीचा भाग शेवटी असा उतरला. यंत्र १२ मार्च २०२४ रोजी खरेदी केले, हमी दोन वर्षांची आहे. ४ जुलैला यंत्र पाण्यासह मध्येच बंद पडत असल्याची पहिली तक्रार नोंदवली, ७ जुलैला पंप बदलला. त्याच दोषासाठी २९ ऑगस्टला तक्रार दिली, २ सप्टेंबरला मुख्य बोर्ड बदलला आणि त्या दिवशी यंत्र चालू असल्याची सही तक्रारदाराने केली. २६ ऑक्टोबरला बाहेरच्या कारागिराने मागचे झाकण उघडून पाहिले, कोणताही भाग बदलला नाही. १८ नोव्हेंबरला पुन्हा तोच दोष नोंदवला, २१ नोव्हेंबरला कंपनीने हमीअंतर्गत बोर्ड दुसऱ्यांदा बदलला. ८ जानेवारी २०२५ रोजी चौथी तक्रार दिली, १० जानेवारीला कंपनीने मोफत दुरुस्ती नाकारली. १८ जानेवारीचे मागणीपत्र २१ जानेवारीला पोहोचले, त्यात दिलेली १५ दिवसांची मुदत ५ फेब्रुवारीला संपली, उत्तर आले नाही. प्रत्येक वाक्याशेवटी जोडपत्राचा क्रमांक आला आणि हे सारे अर्ध्या पानाहून थोडे अधिक झाले.

पक्षकारांची नावे पावतीवर आणि हमीपत्रावर छापली आहेत तशीच घ्यावीत; विक्रेता वेगळा, उत्पादक वेगळा आणि सेवा केंद्र पुष्कळदा तिसऱ्याच नावाचे असते. यंत्राचा अनुक्रमांकही यंत्रावरील पट्टीवरूनच उतरवावा.

दाद मागण्याचा भाग कापायचा नसतो, तो बहुधा वाढवावा लागतो, कारण पाच पानांत तो एका ओळीचा असतो. ‘योग्य ती भरपाई’ या शब्दांवर कोणालाही आदेश लिहिता येत नाही. काय, कोणाकडून, किती आणि कोणत्या तारखेपासून, हे प्रत्येक मागणीत यावे. येथे पहिली मागणी पावतीवरील पूर्ण रक्कम परत मिळण्याची झाली, मागणीपत्र पोहोचल्याच्या दिवसापासून व्याजासह, आणि ते न झाल्यास त्याच क्षमतेचे नवे यंत्र नव्या हमीसह, अशी पर्यायी मागणी खाली आली. परतावा आणि नवे यंत्र हे दोन्ही एकत्र मागू नये, पर्याय म्हणूनच मागावे. एकत्र मागितले की तक्रारदार हावरा दिसतो. दुसरी मागणी कपडे बाहेर धुवून घेण्याच्या खर्चाची, पण फक्त जेवढ्याच्या पावत्या होत्या तेवढ्याचीच. मानसिक त्रासाची रक्कम बाईंनी यंत्राच्या किमतीच्या कितीतरी पट लिहिली होती. ती कमी करण्यावरून आमचा थोडा वाद झाला. शेवटी चार भेटींसाठी कामावरून घेतलेल्या रजेचे दिवस मोजून त्यावर आधारलेली रक्कम ठेवली, कारण मोजमाप दाखवता येणारी मागणी मान्य होण्याची शक्यता अधिक असते.

एका पानाची ही मर्यादा फक्त मुख्य मजकुरापुरती आहे. जोडपत्रे कितीही असोत, ती तारखेच्या क्रमाने क्रमांक घालून मागे लावावीत, आणि नियमांत शपथपत्र किंवा ठरावीक नमुना सांगितला असेल तर तो वेगळा भरावा. तक्रार दाखल करण्याची कायदेशीर मुदत कधी संपते, हेही आत्ताच पाहून घ्यावे, कारण कापाकापीत महिना गेला तर त्या एका पानाचा उपयोग राहत नाही.

जुनी पाच पाने फाडू नयेत. सुनावणीच्या वेळी ‘ऑक्टोबरमध्ये बाहेरचा माणूस का बोलावला’ असे विचारले गेले तर उत्तर तिथेच सापडते. बाईंच्या बाबतीत ते चौथ्या पानावर होते: कंपनीने दिलेल्या भेटीच्या दोन तारखांना कोणी आलेच नव्हते, आणि त्या दोन्ही तारखांचे संदेश मोबाइलवर शिल्लक होते. ते संदेश मग जोडपत्रांत घातले आणि २६ ऑक्टोबरच्या वाक्याआधी आणखी एक वाक्य वाढले.